टोकन तपासणी आणि करवतीसारखा आलेख: memcmp मधून नेमकं काय गळतं?

मेधा_फर्मवेअर

एका छोट्या उपकरणाचं फर्मवेअर माझ्याकडे आहे. कॉर्टेक्स-एम४, ६४ मेगाहर्ट्झवर चालतो. सर्व्हिससाठी तो अनलॉक करायचा तर यूएआरटीवरून एक कमांड बाइट आणि ८ बाइटचं टोकन पाठवायचं. जुळलं तर मेनू उघडतो, नाहीतर एक बाइटचा नकार येतो. टोकन प्रत्येक उपकरणाचं वेगळं आणि खरोखर रँडम आहे, त्यामुळे अंदाजाने शोधायचं तर २ चा ६४ वा घात इतक्या शक्यता. आजवर मी याच आकड्यावर निर्धास्त होते.

गेल्या आठवड्यात कोड तपासताना एका सहकाऱ्याने विचारलं, "तुलना memcmp ने का केली आहे?" म्हणून DWT->CYCCNT लावून सायकल मोजल्या. पहिला चुकीचा बाइट कितवा आहे, त्याप्रमाणे आलेले आकडे असे:

```
चूक बाइट :  0   1   2   3   4   5   6   7   सगळे बरोबर
सायकल    : 31  38  45  52  40  47  54  61  37
```

पहिल्या चार बाइटपर्यंत वेळ चढत जातो हे समजलं, कारण memcmp पहिल्या फरकाला थांबतो. पण चौथ्यानंतर आकडा एकदम खाली का येतो? आणि पूर्ण बरोबर टोकनला जवळजवळ सगळ्यात कमी वेळ कसा लागतो? दुसरं म्हणजे, बाहेरच्या माणसाला CYCCNT दिसत नाही, त्याला फक्त यूएआरटीची तार दिसते. तिथून ७ सायकलचा फरक कोणाला खरंच मोजता येईल का?

---

निशाचर

ताई, मला यात घाबरण्यासारखं काही दिसत नाही. टायमिंग हल्ल्याला एकेक बाइट बरोबर आला की वेळ वाढत गेलेला लागतो. तुमचा आलेख वर-खाली होतोय, त्यामुळे हल्लेखोर चौथ्या बाइटलाच गोंधळेल. शिवाय ७ सायकल म्हणजे ६४ मेगाहर्ट्झवर जेमतेम १०९ नॅनोसेकंद. ११५२०० बॉडला एक बिटच ८.६८ मायक्रोसेकंदांचा असतो आणि यूएआरटी उत्तराचा स्टार्ट बिट आपल्या टिकवरच सोडतो. तुमचे १०९ नॅनोसेकंद त्या टिकमध्ये गिळले जातात. फार तर ० ते १० मायक्रोसेकंदांचा रँडम डिले टाका आणि विषय संपवा.

---

जुना_स्कोप

आधी करवतीबद्दल. मेधाताई, तुम्ही पूर्ण न्यूलिब लिंक करताय आणि दोन्ही बफर ४ बाइटच्या सीमेवर अलाइन आहेत, असा माझा अंदाज आहे. तिथला memcmp आधी चार-चार बाइटचे शब्द ताडून पाहतो. शब्द जुळला नाही की तिथे थांबतो आणि त्याच शब्दात फरक कुठे आहे ते एकेक बाइट बघत शोधतो. म्हणून बाइट ३ चुकला की एक शब्द आणि चार बाइट फेऱ्या, बाइट ४ चुकला की दोन शब्द आणि एकच बाइट फेरी. आकडा खाली येतो तो यामुळे. सगळं बरोबर असेल तर बाइटची फेरी लागतच नाही, म्हणून ३७. न्यूलिब-नॅनो लावून बघा, तिथे memcmp फक्त बाइट-बाइट चालतो आणि तुम्हाला सरळ चढण मिळेल.

निशाचर, तुमचा पहिला मुद्दा इथेच सुटतो. हल्लेखोर "जास्त वेळ" शोधत नाही, तो "वेगळा वेळ" शोधतो. पहिले तीन बाइट सापडले आहेत आणि आता बाइट ३ चे २५६ पर्याय तपासायचे आहेत असं धरा. २५५ पर्यायांना ५२ सायकल लागतील आणि एकालाच ४०. तो एक आपोआप उठून दिसतो, उलट १२ सायकलचा फरक ७ पेक्षा सोपा. करवतीमुळे त्याचं काम अवघड झालेलं नाही.

यूएआरटीच्या टिकचा मुद्दा जास्त विचार करण्यासारखा आहे. टिक जनरेटर मोकळा चालू असेल तर उत्तर खरंच पुढच्या टिकलाच सुटतं. पण हल्लेखोराची विनंती त्या टिकच्या तुलनेत दर वेळी वेगळ्या क्षणी पोचते. तुलना ज्या क्षणी संपते तो क्षण ८.६८ मायक्रोसेकंदांच्या खिडकीत कुठेही पडतो. आता त्यात १०९ नॅनोसेकंद वाढवा. बहुतेक वेळा उत्तर त्याच टिकला सुटेल, पण दर १०० पैकी साधारण सव्वा वेळा टिक हुकेल आणि उत्तर एक पूर्ण बिट उशिरा येईल. भरपूर मोजमापांची सरासरी घेतली की ती बरोबर १०९ नॅनोसेकंदांनी सरकलेली दिसते. टिकने फरक गिळलेला नाही, फक्त त्याच्यावर गोंगाट पसरवला आहे.

किती मोजमापं लागतील तेही काढता येतं. ८.६८ मायक्रोसेकंदांच्या खिडकीत सारखा पसरलेला गोंगाट म्हणजे प्रमाण विचलन सुमारे २.५ मायक्रोसेकंद. फरकाच्या ते २३ पट आहे. २३ चा वर्ग ५२९. खात्रीसाठी टी-चाचणीचा ४.५ हा नेहमीचा उंबरठा धरला तर त्याचा वर्ग सुमारे २०. म्हणजे एका पर्यायाला साधारण १०,७०० प्रयत्न. २५६ पर्यायांना २७ लाख. नऊ बाइट पाठवायला पाऊण मिलिसेकंद जातं, एक प्रयत्न १ मिलिसेकंदाचा धरू. एका बाइटला पाऊण तास, आठ बाइटला सहा तास. तुमचा २ चा ६४ वा घात एका रात्रीवर आला.

---

शंकासुर

काका, हे वर्ग कशाला येतात ते नीट कळलं नाही. आणि रँडम डिले टाकला तर सहा तासांचे साठ तास होतील ना? तेवढं पुरेसं नाही का?

---

जुना_स्कोप

सरासरीतला गोंगाट प्रयत्नांच्या वर्गमुळाने कमी होतो. गोंगाट दुप्पट झाला तर तेवढ्याच खात्रीला चौपट प्रयत्न लागतात. वर्ग येतो तो तिथून.

डिलेबद्दल प्रामाणिकपणे सांगायचं तर लहान डिलेने काहीच साधत नाही आणि मोठ्याने काहीतरी साधतं. निशाचर म्हणतात तसा ० ते १० मायक्रोसेकंदांचा टाकला तर वेळ जेमतेम दुपटीच्या आसपास जाईल. ० ते १० मिलिसेकंदांचा टाकला तर केवळ तारेवरून मोजणाऱ्याचे प्रयत्न लाखो पटींनी वाढतात, आणि तो बहुतेक नाद सोडेल. पण उपकरण हातात असलेला माणूस फक्त तारेवर का अवलंबून राहील? पुरवठ्याच्या वाटेत १० ओहमचा रोध घालून त्यावरचं व्होल्टेज स्कोपवर बघितलं की डिलेचं लूप सपाट, एकसुरी पट्ट्यासारखं दिसतं. तो पट्टा जिथे संपतो तिथून तुलना सुरू. तिथपासून मोजायचं, आणि तुमचा सगळा रँडम डिले वजा झाला. गळती होऊच न देणं हाच खरा उपाय.

---

वेबवाला

माझ्याकडेही असाच प्रकार झाला म्हणून लिहितो. लॉगिनला अस्तित्वात नसलेलं वापरकर्तानाव टाकलं की उत्तर लगेच यायचं, खरं नाव आणि चुकीचा पासवर्ड टाकला की पाव सेकंद लागायचा. एका परीक्षकाने त्यावरून खात्यांची यादीच काढून दाखवली. मग मी तुलना hmac.compare_digest ने केली, तरी फरक तसाच आहे. म्हणजे ते फंक्शन काम करत नाही का?

---

जुना_स्कोप

फंक्शन बरोबर आहे, तुमची गळती दुसरीकडे आहे. नाव सापडलं तरच तुम्ही बीक्रिप्ट चालवता, आणि पाव सेकंद त्याचा आहे. नाव नसलं तरी एका ठेवलेल्या खोट्या हॅशवर बीक्रिप्ट चालवा आणि मग नकार द्या. बाइट तुलनेचे नॅनोसेकंद तुमच्या बाबतीत गौण आहेत. मेधाताईंच्या प्रश्नात मात्र तेच मुख्य आहेत.

---

मेधा_फर्मवेअर

खूप आभार. न्यूलिब-नॅनो लावून पाहिलं, खरंच सरळ चढण आली. आता तुलना अशी लिहिली आहे:

```c
uint8_t d = 0;
for (size_t i = 0; i < 8; i++) {
    d |= a[i] ^ b[i];
    __asm__ volatile("" : "+r"(d));
}
return d == 0;
```

कुठेही लवकर बाहेर पडत नाही, फरक d मध्ये साठत जातो. नऊही प्रकारांत सायकल अगदी सारख्या आल्या. यूएआरटीच्या तारेवर लॉजिक अॅनालायझर लावून "पहिला बाइट चूक" आणि "शेवटचा बाइट चूक" असे दोन गट सरमिसळ क्रमाने चालवले, प्रत्येकी २ लाख. जुन्या कोडला टीचं मूल्य ३५ च्या वर गेलं, नव्या कोडला १.३ आहे. मधली asm ओळ एका मित्राने घालायला सांगितली, पण ती का लागते हे मला नीट समजलेलं नाही. ती काढली तरी सायकल त्याच येतात.

---

जुना_स्कोप

गट सरमिसळ क्रमाने चालवले हे फार चांगलं केलंत. आधी एक गट आणि मग दुसरा असं केलं की चिप तापल्यामुळे घड्याळ किंचित सरकतं आणि नसलेली गळती दिसायला लागते.

आता asm ओळ. सी भाषा वेळेबद्दल काहीही वचन देत नाही. कंपायलरला उत्तर तेच येणारा दुसरा मार्ग स्वस्त वाटला तर तो खुशाल घेतो. d मध्ये आठही बिट १ झाले की पुढे काही बदलणार नाही, असं ओळखून लवकर बाहेर पडायलाही भाषेची आडकाठी नाही. रिकामी asm ओळ कंपायलरला सांगते की इथे d मध्ये काय आहे ते तुला माहीत नाही, गृहीत धरू नकोस.

हे नुसतं पुस्तकी नाही. २०२४ मध्ये कायबर या क्वांटम संगणकालाही दाद न देणाऱ्या एन्क्रिप्शन पद्धतीच्या संदर्भ कोडमध्ये हेच घडलं. गुप्त बिटावरून मास्क बनवून, फांदी न घेता मूल्य निवडणारं फंक्शन होतं. लिहिणाऱ्यांनी काळजीपूर्वक लिहिलेलं. क्लँगच्या काही आवृत्त्यांनी काही ऑप्टिमायझेशन पातळ्यांवर तो मास्क ओळखला आणि त्या जागी सरळ गुप्त बिटावरची फांदी टाकली. त्या वेळेच्या फरकावरून पूर्ण खासगी की काही मिनिटांत काढून दाखवण्यात आली. सोर्स कोड वाचून ही चूक कोणालाही दिसली नसती.

म्हणून आज सायकल सारख्या आल्या म्हणून ओळ काढू नका, आणि ओळ आहे म्हणून तपासणं सोडू नका. प्रत्येक रिलीजच्या बायनरीवर हे चालवा:

```
arm-none-eabi-objdump -d fw.elf
```

आणि त्या फंक्शनमधल्या फांद्या बघा. i वर चालणारी फांदी चालते, कारण लांबी ८ आहे हे गुपित नाही. eor आणि orr यांच्या मध्ये cbz, cbnz किंवा bne दिसला तर थांबा. शेवटच्या d == 0 वरची फांदीही चालते, कारण जुळलं की नाही हे तुम्ही तसंही सांगणारच आहात.

---

निशाचर

मान्य, माझं चुकलं. टिकचा हिशोब मी असा कधी केला नव्हता. मग आता वेळ सपाट, बायनरी तपासलेली, म्हणजे मेधाताईंचं काम झालं ना?

---

जुना_स्कोप

वेळेपुरतं झालं. तोच १० ओहमचा रोध मात्र अजून तिथेच आहे.

eor चा निकाल रजिस्टरमध्ये बसतो तेव्हा त्यात किती बिट १ आहेत, त्याप्रमाणे त्या क्षणीचा प्रवाह किंचित कमी-जास्त होतो. खरा बाइट 0x5A आहे असं धरा. मी 0x5A पाठवला तर निकालात एकही १ नाही. 0xA5 पाठवला तर आठही १. रँडम बाइट पाठवत राहिलो तर सरासरी चार. आता मी रँडम टोकन पाठवत प्रत्येक वेळचा प्रवाह नोंदवतो. मग खऱ्या बाइटचे २५६ अंदाज घेतो, प्रत्येक अंदाजाने त्या त्या वेळी किती १ यायला हवे होते ते काढतो, आणि नोंदीशी सहसंबंध बघतो. बरोबर अंदाजाचा सर्वात जास्त येतो. वेळ तसूभर न हलता बाइट सापडला. आणि इथे बाइट एकामागून एक शोधावेही लागत नाहीत, कारण तुमचं लूप दर वेळी आठही बाइटवरून जातं. एकाच नोंदसंचातून आठही निघतात.

हल्लेखोराला एक अडचण मात्र येते. एक्सॉर सरळ आहे. 0x5B हा अंदाज खऱ्यापेक्षा एकाच बिटाने वेगळा, म्हणून त्याचा सहसंबंध खऱ्याच्या ०.७५ पट येतो. एका बिटाने वेगळे असे आठ जवळचे दावेदार असतात. एईएसच्या एस-बॉक्सनंतर मोजलं तर चुकीचे अंदाज लगेच विस्कटतात, इथे ते चिकटून राहतात. त्यामुळे नोंदी जास्त लागतात. पण अशा साध्या चिपवर माझ्या बाकावर त्या काही हजारांच्या पुढे गेलेल्या नाहीत.

---

निशाचर

मग मास्किंग करू. दर वेळी नवा रँडम r घ्यायचा, दोन्ही टोकनं r शी एक्सॉर करून मगच ताडून पाहायची. हल्लेखोराला r माहीत नाही, अंदाज लावणार कशावर?

---

मेधा_फर्मवेअर

निशाचर, मी कागदावर मांडून बघितलं. तुलनेच्या पायरीला हे होतं:

```
(a ^ r) ^ (b ^ r) = a ^ b
```

r उडून गेला आणि जे मूल्य लपवायचं होतं नेमकं तेच रजिस्टरमध्ये आलं. काका, बरोबर ना?

---

जुना_स्कोप

अगदी बरोबर. मास्क आधीच्या पायऱ्यांवर होता आणि गळणाऱ्या पायरीवर नव्हता. मास्किंग करताना नेहमी हे बघायचं की कुठल्याही एका क्षणी दोन मास्क एकमेकांना खोडत तर नाहीत.

इथे जास्त सरळ मार्ग असा की दर वेळी चिपमध्येच एक नवी रँडम की बनवायची, तिने दोन्ही टोकनांचा एचमॅक काढायचा आणि ते दोन एचमॅक ताडायचे. ज्या बाइटांची तुलना होते त्यांचा हल्लेखोराला अंदाजच बांधता येत नाही. तुलना चुकून memcmp ने झाली तरी वेळेतून कामाचं काही मिळत नाही. मर्यादाही सांगतो: साठवलेलं टोकन मेमरीतून वाचलं जातं तो क्षण राहतोच. तसाच दुसरा चिप विकत घेऊन, त्यावर ओळखीच्या मूल्यांचे साचे बनवून, मग तुमच्या चिपशी जुळवणारा माणूस तिथे प्रयत्न करेल. त्याला मेहनत बरीच पडेल.

---

शंकासुर

एचमॅकच्या भानगडीपेक्षा चिपमध्ये टोकनऐवजी त्याचा हॅश ठेवला तर? हल्लेखोर हॅशचा एकेक बाइट हवा तसा थोडाच जुळवू शकतो?

---

मेधा_फर्मवेअर

हा विचार मीही केला होता. माझं टोकन ६४ बिट रँडम आहे म्हणून चालेल. पण तीच पद्धत कोणी चार आकडी पिनला वापरली तर? हॅशचे पहिले दोन-तीन बाइट गळले तरी घरी बसून १०,००० पिनांचे हॅश काढून बघायचे, जुळणारा एखाददुसराच उरेल.

मला दुसरंच सुचलंय. हे सगळे हल्ले हजारो प्रयत्नांवर उभे आहेत. दहा चुकीनंतर कुलूप लावलं तर हल्लेखोराला दहाच नोंदी मिळतील. मोजणी सध्या अशी आहे: तुलना चुकली की फ्लॅशमधला आकडा वाढवायचा.

---

जुना_स्कोप

विचार योग्य, क्रम घातक. चूक झाल्यावर तुम्ही फ्लॅशमध्ये लिहिता. लिहिताना चिप जास्त प्रवाह ओढतो, तो उठाव रोधावर डोळ्यांनीही दिसतो. हल्लेखोर तो सुरू होताच पुरवठा तोडतो. आकडा वाढलाच नाही, चिप पुन्हा चालू, प्रयत्न पुन्हा दहा.

आधी एक प्रयत्न खर्च करा, तो खरंच लिहिला गेला हे परत वाचून बघा, आणि मगच तुलना करा. जुळलं तर प्रयत्न परत द्या.

---

मेधा_फर्मवेअर

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, आणि आमची उपकरणं गेली काही वर्षं याच क्रमाने चालू आहेत. आजच बदलायला घेतलं.

आमच्या फ्लॅशला ईसीसी आहे, त्यामुळे एकेक बिट शून्य करत मोजता येत नाही. ८ बाइटचा घास एकदाच लिहिता येतो. म्हणून २ किलोबाइटचं एक पान राखून ठेवलं. प्रत्येक प्रयत्नाला एक घास, म्हणजे २५६ नोंदींनंतरच पान पुसावं लागेल. टोकन जुळल्यावर पान पुसण्याऐवजी "इथून पुन्हा मोजा" अशी एक नोंद टाकते, म्हणजे फ्लॅशही लवकर झिजणार नाही. तुलना वरचीच ठेवली, तिच्या आधी एचमॅक घातला.

एक प्रश्न उरलाय. सर्व्हिसवाल्याची तार सैल असेल आणि नेमका तुलनेच्या आधी पुरवठा गेला, तर बरोबर टोकन पाठवूनही त्याचा एक प्रयत्न जातो. असं दहा वेळा झालं तर उपकरण कायमचं बंद. मर्यादा दहाऐवजी पन्नास केली तर किती गळेल?

---

जुना_स्कोप

एचमॅक असताना पन्नास नोंदींतून तुलनेच्या पायरीवर काहीच निघू नये. साचे बनवून येणाऱ्यासाठी मात्र दहा आणि पन्नास यांत फरक पडतो, आणि किती पडतो ते तुमच्या चिपवर मोजल्याशिवाय मी सांगणार नाही. तुमच्याकडे मोकळा बोर्ड असेल तर पुरवठ्याजवळचे डीकपलिंग कपॅसिटर काढा, रोध घाला, आणि टोकन वाचण्याच्या क्षणाच्या हजारभर नोंदी इथे टाका. माहीत असलेली टोकनं घालूनच करा. त्यातल्या पन्नास-पन्नास वेगळ्या काढून मी बघतो.

---

वेबवाला

खोट्या हॅशवर बीक्रिप्ट चालवून पाहिलं. दोन्हीकडे पाव सेकंद येतोय. फक्त जुन्या खात्यांना अजून वेगळा वेळ लागतो, कारण त्यांच्या हॅशचा कॉस्ट कमी आहे. त्यांचा हॅश पुढच्या यशस्वी लॉगिनलाच बदलता येईल, तोवर ती खाती उघडी दिसत राहणार.

---

मेधा_फर्मवेअर

बोर्ड आहे. कपॅसिटर उद्या काढते आणि नोंदी टाकते.